एकदा १४०, मग ५२: रक्तदाबाच्या एका पेशंटचा लघवीचा रिपोर्ट आणि नमुना घेण्यातली चूक

सत्तेचाळीस वर्षांचे गृहस्थ. रक्तदाब सहा वर्षांपासून. गोळी एकच, ॲम्लोडिपिन ५ मिग्रॅ, आणि ती ते न चुकता घेत होते. मधुमेह नाही, सिगारेट नाही, पायांना सूज नाही. आठवड्यातून तीन-चार वेळा धावायला जाणारे, शरीराने काटक. माझ्याकडे आले ते खरं तर चिठ्ठीचं नूतनीकरण करायला. त्या दिवशी रक्तदाब १५२/९४ भरला. घरच्या यंत्रावर आठवडाभर मोजून आणायला सांगितलं, त्याची सरासरी १४६/९२ निघाली. म्हणजे एक गोळी पुरत नव्हती, हे स्पष्ट होतं.

किडनीबद्दल मात्र त्यांची खात्री होती. "डॉक्टर, क्रिएटिनिन दरवर्षी करतो, नॉर्मलच येतं." खरंच होतं ते. रक्तातलं क्रिएटिनिन ०.९, त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, १०६. लघवीच्या साध्या तपासणीत प्रथिनांच्या रकान्यात 'निल'. सहा वर्षांच्या फाइलमध्ये हे दोनच आकडे दर वर्षी नेमाने होते. लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर, ज्याला आम्ही यूएसीआर म्हणतो, ते कधीच झालेलं नव्हतं. मी ते लिहून दिलं आणि इथे माझ्याकडून एक चूक झाली. नमुना कधी आणि कसा द्यायचा, याबद्दल मी एक शब्दही बोललो नाही. चिठ्ठीवर तपासणीचं नाव लिहिलं आणि पुढच्या पेशंटकडे वळलो.

रिपोर्ट आला: १४० मिग्रॅ प्रति ग्रॅम.

हा आकडा काय सांगतो ते आधी पाहू. किडनीच्या गाळण्यांतून दिवसाला जवळजवळ १८० लिटर द्रव गाळला जातो. रक्तद्रवाच्या एका लिटरमध्ये अल्ब्युमिन असतं सुमारे ४० ग्रॅम. एवढ्या प्रथिनाला गाळणीची भिंत अडवून धरते आणि जे थोडंफार निसटतं ते पुढच्या नलिका परत शोषून घेतात. म्हणून निरोगी माणसाच्या लघवीत दिवसभरात ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन उतरतं. वर्षानुवर्षं चढलेला रक्तदाब या गाळण्यांच्या आतल्या केशवाहिन्यांवर पोहोचला की भिंतीचं आतलं अस्तर आणि त्याला बाहेरून धरून ठेवणाऱ्या पेशी दुखावतात आणि गळती वाढते. ही गळती सुरू होते तेव्हा गाळण्याची एकूण क्षमता शाबूत असते. म्हणूनच रक्तातलं क्रिएटिनिन तेव्हा काहीच बोलत नाही. ते वर सरकायला लागतं तोवर बराचसा राखीव साठा खर्च झालेला असतो.

मग साध्या तपासणीत 'निल' कसं आलं? त्या तपासणीत जी रंग बदलणारी पट्टी बुडवतात, तिला अल्ब्युमिन दिसायला ते लिटरमागे साधारण १५० ते ३०० मिलिग्रॅम तरी असावं लागतं. या गृहस्थांच्या नमुन्यात होतं ८४. पट्टीच्या दृष्टीने तिथे काहीच नव्हतं. पट्टी खोटं बोलली नाही, तिची नजरच तेवढी बारीक नाही. रक्तदाबाच्या पेशंटला 'लघवीत प्रथिनं नाहीत' असं फक्त पट्टीवरून सांगणं मला म्हणूनच पटत नाही.

आता गुणोत्तराकडे. लघवी कधी पातळ असते, कधी दाट. त्यामुळे लिटरमागे ८४ मिग्रॅ हा आकडा एकटा निरर्थक आहे. पाणी भरपूर प्यायलेल्या माणसात तोच आकडा मोठ्या गळतीचा असू शकतो आणि तहानलेल्या माणसात किरकोळ गळतीचा. हा पाण्याचा हिशोब काढून टाकायला क्रिएटिनिन वापरतात, कारण ते स्नायूंतून रोज जवळपास ठरावीक मापानेच बाहेर पडतं. लघवी पातळ झाली की अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन दोन्ही सारख्याच प्रमाणात पातळ होतात, गुणोत्तर तेच राहतं. यांच्या नमुन्यात क्रिएटिनिन होतं डेसिलिटरला ६० मिग्रॅ, म्हणजे लिटरला ०.६ ग्रॅम. ८४ भागिले ०.६, उत्तर १४०. मर्यादा ठरलेल्या आहेत: ३० च्या खाली सामान्य ते किंचित वाढलेलं, ३० ते ३०० मध्यम वाढ, ३०० च्या वर तीव्र. काही प्रयोगशाळा हेच मिग्रॅ प्रति मिलिमोलमध्ये देतात. तिथे या मर्यादा ३ आणि ३० अशा येतात. १४ आणि १४० यांची तुलना करण्याआधी आकड्यापुढचं एकक वाचलेलं बरं, नाहीतर त्याच गळतीला कोणी दहापट सुधारणा समजून बसेल.

१४० म्हणजे मध्यम वाढ, आणि तीही चांगलीच. गृहस्थ घाबरले. मीही लगेच औषध बदलायला निघालो होतो, पण रिपोर्टवरची वेळ डोळ्यांत भरली: सकाळी ११ वाजून २० मिनिटं. मग विचारपूस केली. आदल्या संध्याकाळी ते दहा किलोमीटर धावले होते. सकाळी घरी लघवी होऊन गेली होती, म्हणून प्रयोगशाळेत बसून त्यांनी दोन बाटल्या पाणी प्यायलं आणि मग नमुना दिला.

पाण्याची चिंता नव्हती. ते गुणोत्तराने सांभाळून घेतलं होतं. अडचण धावण्याची होती. दमवणाऱ्या व्यायामानंतर गाळणीतून खरोखरच जास्त अल्ब्युमिन उतरतं आणि ते खाली यायला २४ तास, कधी त्याहूनही जास्त लागतात. हा फरक भागाकाराने जात नाही. गुणोत्तर फक्त पाण्याचा परिणाम काढतं. धावणं, ताप, लघवीतला जंतुसंसर्ग, हृदय कमकुवत होऊन झालेली सूज, अतिशय चढलेली साखर किंवा रक्तदाब, यांनी अल्ब्युमिन वाढतं ते खरं वाढलेलं असतं, फक्त ते किडनीच्या कायमच्या इजेचं नसतं. मासिक पाळीचं रक्त, अंगावरचं पांढरं किंवा वीर्य नमुन्यात मिसळलं तर तिथे मात्र बाहेरचंच प्रथिन मोजलं जातं. माझ्या अनुभवात यूएसीआरचा रिपोर्ट फसतो तो यंत्रात क्वचित, नमुना भांड्यात पडण्याआधीच्या चोवीस तासांत जास्त वेळा.

म्हणून औषध तसंच ठेवून तपासणी पुन्हा करायची ठरवली. या वेळी मात्र मी दहा मिनिटं बाजूला काढली. त्यांना जे सांगितलं, ते इथे तसंच लिहितो, कारण हेच कुणी समजावून सांगत नाही.

नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा हवा. रात्री झोपण्यापूर्वी लघवी करून मूत्राशय रिकामं करायचं. सकाळी उठल्यावर इकडेतिकडे फिरण्याआधी, चहापाणी घेण्याआधी जी पहिली लघवी होते ती द्यायची. रात्रभर माणूस आडवा असतो. उभं राहिल्याने आणि हालचालीने काहींच्या लघवीत, विशेषतः तरुणांच्या, जे जास्तीचं अल्ब्युमिन उतरतं ते या नमुन्यात नसतं. शिवाय एकाच माणसाचे निरनिराळ्या दिवशीचे आकडे एकमेकांशी जुळतात ते पहिल्या लघवीतच जास्त. दिवसभरातल्या कुठल्याही वेळच्या नमुन्यात हे चढउतार बरेच मोठे असतात. पहिली चाचणी म्हणून कुठल्याही वेळचा नमुना चालतो आणि तो ३० च्या आत आला तर प्रश्न मिटला. पण वाढलेला आला तर खात्री पहिल्या लघवीवरच करायची.

आदल्या दिवशी धावणं, जिम, जड ओझी उचलणं बंद. रोजचं चालणं चालेल. ताप असेल, लघवीला जळजळ असेल तर नमुना देऊ नये. बरं होऊ द्यावं, मग द्यावा. बायकांनी पाळीचे दिवस आणि त्यांच्या मागचापुढचा एखादा दिवस टाळावा. रक्तदाबाची गोळी बंद करायची नाही. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण 'रिकाम्या पोटी' ऐकायची सवय लागलेले पेशंट स्वतःहून गोळी चुकवतात. खरं म्हणजे या तपासणीला उपाशी राहायचीही गरज नाही.

भांडं प्रयोगशाळेतूनच आणावं, झाकणाचं, स्वच्छ आणि कोरडं. घरातली रिकामी औषधाची बाटली धुऊन वापरू नये. आत राहिलेला साबण किंवा औषधाचा अंश चालत नाही. लघवीची जागा साध्या पाण्याने धुवावी, पुसावी. पहिली थोडी धार जाऊ द्यावी, मधली धार भांड्यात घ्यावी, शेवटची पुन्हा सोडून द्यावी. वीस-तीस मिलिलिटर पुरे झाले. भांडं काठोकाठ भरण्यात काही अर्थ नाही. झाकण घट्ट लावून त्यावर नाव, तारीख आणि नमुन्याची वेळ लिहावी आणि 'सकाळची पहिली' हे शब्दही. पुढे वर्षभराने कोणी तो रिपोर्ट पाहील तेव्हा या दोन शब्दांनीच त्याला किंमत येते.

दोन-तीन तासांत पोहोचवता आला तर उत्तम. उशीर होणार असेल तर भांडं फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावं, २ ते ८ अंशांवर नमुना काही दिवस टिकतो. बर्फाच्या कप्प्यात मात्र ठेवू नये. गोठवलेल्या लघवीत अल्ब्युमिनचा साका बसतो आणि आकडा खोटा कमी येऊ शकतो.

दहा दिवसांनी त्यांनी असा नमुना दिला. अल्ब्युमिन लिटरमागे ७८ मिग्रॅ, क्रिएटिनिन डेसिलिटरला १५० मिग्रॅ. म्हणजे ७८ भागिले १.५, उत्तर ५२.

या दोन रिपोर्टांकडे जरा थांबून पाहावं. अल्ब्युमिनचा आकडा पहिल्यांदा ८४, दुसऱ्यांदा ७८. नुसता तोच पाहिला असता तर म्हणालो असतो, काहीच बदललं नाही. पण पहिला नमुना पाणी पिऊन पातळ झालेला होता, दुसरा रात्रभराचा दाट. क्रिएटिनिन शेजारी ठेवलं तेव्हा कळलं की गळती जवळजवळ एक तृतीयांशावर आली आहे. पाण्याचा गोंधळ गुणोत्तराने काढला आणि धावण्याचा गोंधळ आम्ही आदल्या दिवशीचं धावणं टाळून काढला. एकाचं काम दुसऱ्याने होत नाही.

याच भेटीत त्यांनी जुन्या फाइलमधला आणखी एक कागद काढला. आठ महिन्यांपूर्वीच्या तपासणीत 'लघवीतील मायक्रोअल्ब्युमिन ३१ मिग्रॅ प्रति लिटर' असं लिहिलं होतं. माझी आशा जागी झाली, कारण तीन महिन्यांहून जुना पुरावा मिळाला असता तर ही गळती जुनी आहे असं ठामपणे म्हणता आलं असतं. पण त्या कागदावर क्रिएटिनिन नव्हतं. त्या दिवशीची लघवी पातळ होती की दाट, हे कळायला आता कुठलाही मार्ग नव्हता. पैसे गेले, रक्तदाबाचं एक वर्ष गेलं आणि कागद वापरता आला नाही. चिठ्ठीवर 'मायक्रोअल्ब्युमिन' एवढंच लिहिलं की हे असं होतं. 'अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर' असं पूर्ण लिहावं. 'प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर' ही वेगळी तपासणी आहे, आणि इतक्या छोट्या गळतीसाठी ती योग्य नव्हे.

आणखी एका आठवड्याने तिसरा नमुना, त्याच पद्धतीने: ४३. तीनपैकी दोन नमुने वाढलेले आले की वाढ खरी मानतात. आमच्याकडे योग्य रीतीने घेतलेले दोन्ही वाढलेले होते. आता दुसरा प्रश्न: ही गळती रक्तदाबाचीच कशावरून? एचबीए१सी ५.६, म्हणजे मधुमेह नाही. सूक्ष्मदर्शकाखाली लघवीत लाल पेशी नाहीत. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आकाराने ठीक. रक्तदाब सहा वर्षांचा आणि नीट आटोक्यात नसलेला. चित्र जुळत होतं. आकडा ३०० च्या पुढे असता, लघवीत रक्त असतं किंवा रक्तदाब नुकताच सुरू झालेला असता, तर मी 'रक्तदाबामुळे असेल' असं म्हणून गप्प बसलो नसतो. किडनीच्या तज्ज्ञाकडे पाठवलं असतं.

रक्तदाबासाठी दुसरं औषध लागणार हे आधीच ठरलं होतं. कुठलं, ते या आकड्याने ठरवलं. ॲम्लोडिपिन रक्तदाब छान उतरवतं, पण ते गाळणीत रक्त आणणारी वाहिनी सैल करतं, त्यामुळे बाहेर दंडावर मोजलेला दाब उतरला तरी गाळणीच्या आतला दाब त्या प्रमाणात उतरेलच असं नाही. टेलमिसार्टनसारखं औषध गाळणीतून रक्त बाहेर नेणारी वाहिनी सैल करतं आणि आतला दाब कमी करतं. म्हणून ॲम्लोडिपिन चालू ठेवून टेलमिसार्टन ४० मिग्रॅ जोडलं. तीन आठवड्यांनी रक्त तपासलं: क्रिएटिनिन ०.९ वरून १.०, पोटॅशियम ४.३ वरून ४.६. गृहस्थ पुन्हा धास्तावले, कारण सहा वर्षं न हललेला आकडा हलला होता. पण गाळणीतला दाब कमी झाल्यावर क्रिएटिनिन थोडं वर जाणं अपेक्षितच असतं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ चालवून घेतात, ही तर अकरा टक्के होती. मात्रा ८० मिग्रॅ केली. जेवणातलं मीठ कमी करायला सांगितलं, कारण मीठ जास्त असेल तर या औषधाचा गळतीवरचा परिणाम मंदावतो. धावल्यानंतर गुडघ्यांसाठी ते अधूनमधून आयब्युप्रोफेन घेत होते, तेही बंद करायला लावलं.

तीन महिन्यांनी घरच्या रक्तदाबाची सरासरी १२६/७८. सकाळची पहिली लघवी: अल्ब्युमिन ३४, क्रिएटिनिन १४०, गुणोत्तर २४. एवढ्यावर विसंबायचं नव्हतं, कारण काहीच न करताही हा आकडा दिवसादिवसाला बराच हलतो. केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पुढच्या तपासणीत आकडा दुप्पट झाला तर तो नेहमीच्या चढउताराच्या पलीकडचा मानून शोध घ्यावा. उलट दिशेने, ३० टक्क्यांहून अधिक उतार आला तर औषध काम करतं आहे असं मी धरतो. ५२ आणि ४३ ची सरासरी सुमारे ४७ आणि तिथून २४ म्हणजे निम्मा. तरी तीन आठवड्यांनी पुन्हा केला, २७ आला. सुरुवातीच्या १४० शी तुलना केली असती तर 'ऐंशी टक्के सुधारणा' असं लिहून मोकळा झालो असतो आणि त्यातली बरीचशी सुधारणा फक्त धावणं थांबवल्याची असती.

या तपासणीच्या मर्यादा या गृहस्थांना लागू नव्हत्या, पण दुसऱ्या कुणाला लागतील. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, म्हणून गुणोत्तर स्नायूंवरही अवलंबून असतं. समजा दोघांच्या लघवीत दिवसाला अल्ब्युमिन २४ मिग्रॅच उतरतं. दिवसाला १६०० मिग्रॅ क्रिएटिनिन टाकणाऱ्या धट्ट्याकट्ट्या पुरुषात गुणोत्तर १५ येईल आणि ६०० मिग्रॅ टाकणाऱ्या बारीक वृद्ध स्त्रीत ४०. गळती तीच, पण एक सामान्य आणि एक वाढलेली. अंगाने अगदी बारीक किंवा फार दणकट माणसाचा रिपोर्ट मर्यादेच्या आसपास आला की मी हे लक्षात ठेवतो, आणि शंका उरली तर चोवीस तासांची लघवी गोळा करायला सांगतो. दुसरं, रक्तदाबाने किडनी आकसत जाते तेव्हा काहींच्या लघवीत अल्ब्युमिन वाढतच नाही. म्हणून यूएसीआर सामान्य आला तरी रक्तातलं क्रिएटिनिन बंद करायचं नाही. दोन्ही हवेत.

शेवटच्या भेटीत त्यांनी विचारलं, "म्हणजे मला किडनीचा आजार आहे की नाही?" दीर्घकालीन किडनी आजार म्हणायला बिघाड तीन महिन्यांहून अधिक टिकलेला दिसावा लागतो. आमच्याकडे औषधाआधीचे योग्य नमुने फक्त आठवड्याच्या अंतराचे होते. पुरावा पूर्ण व्हावा म्हणून तीन महिने औषध अडवून धरणं मला योग्य वाटलं नाही, रक्तदाब १४६ असताना तर नाहीच. त्यामुळे फाइलवर मी त्या आजाराचं नाव लिहिलं नाही, पण '२७, नॉर्मल' असंही लिहिलं नाही. लिहिलं ते असं: 'उच्च रक्तदाबात लघवीतील अल्ब्युमिन वाढलेलं, सकाळच्या पहिल्या लघवीत ५२ आणि ४३, टेलमिसार्टन ८० वर २४ आणि २७. औषध बंद करू नये.' ही शेवटची चार शब्दांची सूचना पुढच्या डॉक्टरसाठी आहे, कारण २७ हा आकडा औषधाने आणलेला आहे आणि तो एकटा वाचला तर औषधाची गरज नाही असं वाटू शकतं.

पुढचा नमुना सहा महिन्यांनी. प्रयोगशाळेतून आणलेलं रिकामं भांडं ते आताच घरी घेऊन गेले आहेत. नमुन्याच्या आदल्या संध्याकाळी धावायला जायचं नाही, हे त्यांनी माझ्यासमोरच फोनच्या कॅलेंडरमध्ये घालून ठेवलं.